मिठाचा खडा आणि श्वेतकेतू

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाची एक कथा बहुतेक वाचकांनी घरी ऐकलीच असेल. नरसीचे नामदेव गुरूच्या शोधार्थ तेथे आले, तो विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले! नामदेवांनी दोष देताच विसोबांनी सांगितले, की जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय नेतील तेथे लिंग दिसू लागले. ही कथा इतिहास म्हणून नव्हे, तर शिकविण्याची रीत म्हणून आम्ही येथे घेतो. गुरूने सिद्धान्त सांगितला नाही. शिष्याच्याच हातून कृती करविली.

ही रीत छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट दिसते. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही गेला व चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून, विद्येचा ताठा घेऊन परतला. पिता उद्दालक आरुणी याने त्यास रागे भरले नाही. ज्याचे उत्तर त्यास येत नव्हते असा एक प्रश्न मात्र विचारला. ताठा उतरला, आणि पुत्र शिष्य झाला.

सर्व सृष्टीच्या मुळाशी असलेले ‘सत्’ डोळ्यांस का दिसत नाही, हे सांगावयाचे होते. पित्याने रात्री पाण्यात मिठाचा खडा टाकावयास लावला. सकाळी तो खडा परत मागितला. श्वेतकेतूने चाचपून पाहिले, खडा सापडेना. मग पित्याने वरचे, मधले व तळचे पाणी चाखावयास सांगून प्रत्येक वेळी विचारले, ‘कसे लागते?’ तिन्ही वेळा उत्तर एकच: खारट. तेव्हाच पित्याने अर्थ सांगितला, की सत् असेच सर्वत्र आहे, आणि तेच तुझे स्वरूप आहे. आधी अनुभव, मग प्रश्न, शेवटी सिद्धान्त, असा हा क्रम होय. तो उलटला, तर शिष्य वाक्य पाठ करील. पण कसे कळले असे विचारताच गप्प बसेल.

परंतु दृष्टान्तास मर्यादा असते. मीठ डोळ्यांस दिसले नाही तरी जिभेस कळले. सत् तर कोणत्याच इंद्रियास कळत नाही. मग ते जाणावे कसे? मूळ ग्रंथात श्वेतकेतू ‘आणखी समजावून सांगा’ एवढेच विनवितो. त्यामागची ही शंका शंकराचार्यांनी भाष्यात उलगडली आहे. पित्याचे पुढील उत्तर असे: डोळे बांधून गांधार देशातून आणून रानात सोडलेल्या मनुष्याची पट्टी कोणी सोडतो व दिशा दाखवितो, तो मनुष्य गावोगाव विचारीत आपल्या घरी पोहोचतो. गुरूचे काम पट्टी सोडण्याचे व दिशा दाखविण्याचे, चालणे शिष्याचे.

असा एकच निष्कर्ष या अध्यायात नऊ वेळा येतो, आणि दर वेळी दृष्टान्त नवा असतो. एका दृष्टान्ताचे उणे राहिले, की शिष्य पुन्हा विचारतो. श्वेतकेतूने पहिल्याच उत्तरावर मान डोलाविली असती, तर मिठाचा खडा पाण्यात पडलाच नसता.