‘म्हणून’ लिहू नकोस

काल रात्री पाठवलेला तुझा मसुदा मी दोनदा वाचला. तू का चिडलास ते कळलं, तुझ्या जागी मीही चिडले असते. पण हा अर्ज असाच एचआरच्या टेबलावर गेला, तर आठ दिवसांत फायलीला लागेल आणि तुझ्या सुट्ट्या जिथल्या तिथे राहतील. तीस वर्षं मी पिंपरीच्या पट्ट्यात कार्मिक विभागात काढली. असे अर्ज उघडून वाचायचं काम माझंच होतं. टेबलाच्या त्या बाजूने ते कसे दिसतात, ते आत्याकडून ऐकून घे.

अर्ज हातात आला की मी पेन्सिल घ्यायची आणि जे पडताळून पाहता येईल त्याच्याखाली रेघ मारायची. तारीख, पाळी, जागा, कोण हजर होतं, कोणता कागद आहे. चार-चार पानी अर्जात कधी कधी एकही रेघ पडायची नाही. अशा माणसाचं म्हणणं खोटं असायचं असं मुळीच नाही. पण मला धरायला काहीच मिळायचं नाही. मग साहेबांना बोलवायचं, ते ‘असं काही नाही’ म्हणायचे, आणि दोन्ही बाजूंना नुसते शब्द उरायचे.

तुझ्या मसुद्यात ‘नेहमी’ हा शब्द पाच वेळा आलाय. माझ्याकडे एका कामगाराचा अर्ज आला होता, ‘सुपरवायझर नेहमी माझीच सुट्टी नाकारतात.’ सुपरवायझरने एकच मंजूर केलेला रजेचा अर्ज काढून पुढे ठेवला. त्या एका कागदाने ‘नेहमी’ खोटं ठरलं आणि त्याच्याबरोबर खऱ्या असलेल्या चार नकारांवरचा विश्वासही उडाला. त्याने त्या चार तारखाच लिहिल्या असत्या, तर तो मंजूर अर्ज कुणाच्या कामाला आला नसता. हे मला आजही लागून राहिलंय, कारण त्याची बाजू खरी होती.

आता तुझ्या अर्जाकडे वळू. तू लिहिलंस की चार रविवार कामावर बोलावलं आणि एकाचीही बदली सुट्टी दिली नाही. चार कुठले? 24 ऑगस्ट, 31 ऑगस्ट, 7 सप्टेंबर, 14 सप्टेंबर असं तू मोजलंस. बाळा, 31 तारखेला आपल्याकडे गौरी आल्या. तू सकाळपासून घरात होतास, पाट तूच मांडलेस, माझ्या मोबाइलवर तुझे फोटो आहेत. तू खोटं बोलत नाहीस, महिनाभराने आठवण अशीच एकात एक मिसळते. पण हजेरीच्या मशीनला त्या दिवशी तुझा पंच सापडणार नाही, आणि ‘चारपैकी एक खोटा’ एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहील. म्हणून आठवणीवर लिहायचं नाही. आधी स्वतःचे पंच बघ, रविवारचे ग्रुपवरचे निरोप बघ, पगाराच्या स्लिपा बघ, आणि जे जुळेल तेवढंच लिही. तीन रविवार पक्के असतील तर तीनच.

14 तारखेचा पंच दिसत नाही म्हणालास, गेटवरचं मशीन बंद होतं. मग त्या दिवशी सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून आत गेला असशील. ते रजिस्टर तू मागायला जाऊ नकोस, त्याचा फोटोही काढू नकोस. अर्जात एवढंच लिही की मशीन बंद असल्याने गेटच्या रजिस्टरमध्ये नोंद केली होती. कागद कुठे आहे हे सांगणं तुझं काम, तो मागवणं एचआरचं. कंपनीची कागदपत्रं स्वतःच्या मेलवर पाठवणारे लोक मी पाहिलेत. मूळ तक्रार बाजूला राहते आणि कारणे दाखवा नोटीस त्यांनाच येते. स्वतःची पगाराची स्लिप, स्वतःची हजेरी, स्वतःला आलेले निरोप, एवढंच जवळ ठेव. निरोपाचा स्क्रीनशॉट कापून घेऊ नकोस. वरची तारीख आणि आधीचे-नंतरचे निरोप त्यात दिसू देत.

‘साहेबांनी धमकी दिली’ असं तू लिहिलंस. मी फोनवर विचारलं, नक्की काय म्हणाले? तेव्हा तू सांगितलंस, ‘सुट्ट्या मोजायला येतोस का कामाला?’ मग तेच लिही. धमकी हा तू काढलेला अर्थ आहे. साहेब सरळ म्हणतील की मी थट्टेत बोललो, आणि मग सगळी चौकशी ती धमकी होती का, यावरच अडून बसेल. वाक्य मात्र जसंच्या तसं लिहिलं, की ते बोलले का नाही एवढाच प्रश्न उरतो. स्टोअरच्या काउंटरवर तेव्हा आणखी दोघं होते, त्यांना विचारता येतं. अवतरणचिन्हात तेच घाल, जे शब्दाशब्दाला आठवतं. बाकीच्याला ‘अशा अर्थाचं बोलले’ म्हणावं. आणि त्यावर तू काय उत्तर दिलंस तेही लिही, चढ्या आवाजात दिलं असशील तरी लिही. ते साहेबांच्या तोंडून आधी कळलं तर तू लपवलंस असं होतं.

त्या दोघांची नावं घालण्याआधी त्यांना सांग. ‘साक्षीदार’ म्हणू नकोस, ‘हजर होते’ एवढं पुरे. काय बोलायचं ते त्यांना पढवू नकोस. दोघांचं बोलणं शब्दाशब्दाला जुळलं की चौकशी करणाऱ्याला पहिला संशय त्याचाच येतो.

आता सगळ्यांत अवघड जागा. 18 सप्टेंबरला तू सुट्ट्यांचं विचारलंस, आणि 22 तारखेपासून तुला रात्रपाळी लागली. तू लिहिलंस, ‘मी विचारलं म्हणून सूड उगवला.’ तुझं खरंही असेल. पण साहेबांच्या मनात काय होतं, हे तू पाहिलेलं नाहीस. रात्रपाळीतला माणूस आजारी पडला असेल, वरून पाळ्यांचा तक्ता बदलून आला असेल. ‘म्हणून’ लिहिलंस की ते सिद्ध करायचं ओझं तुझ्या डोक्यावर येतं आणि साहेबांना एक कारण दाखवलं की पुरतं. त्यापेक्षा दोन तारखा दोन ओळींत एकीखाली एक ठेव आणि मधे काही लिहू नकोस. वाचणाऱ्याला चार दिवसांचं अंतर दिसतंच. मग पाळी बदलण्याचं कारण विचार. आता उत्तर द्यायची पाळी त्यांच्यावर आली.

कायदा मोडला असंही घाईने लिहू नकोस. साप्ताहिक सुट्टी बुडाली तर बदली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची, अशी मुदत 1948 च्या कारखाने कायद्यापासून चालत आली आहे. तुझा पहिला रविवार ऑगस्टमधला, त्याची मुदत ऑक्टोबरअखेर. ती अजून गेलेली नाही. मुदतीच्या आधीच मागितलंस हे उलट तुझ्या पथ्यावर पडेल.

एवढं सगळं गाळल्यावर तुझा अर्ज असा उरतो:

‘विषय: तीन बदली सुट्ट्यांची नोंद व पाळीबदलाबाबत.

मी स्टोअर विभागात काम करतो. खालील तीन रविवारी मी पहिल्या पाळीत, सकाळी 6 ते दुपारी 2, कामावर होतो: 24 ऑगस्ट, 7 सप्टेंबर आणि 14 सप्टेंबर 2025. पहिल्या दोन दिवसांचे पंच सोबत जोडले आहेत. 14 सप्टेंबरला गेटवरील मशीन बंद असल्याने मी सिक्युरिटी रजिस्टरमध्ये नोंद केली होती. आज, 26 सप्टेंबरला, माझ्या खात्यात बदली सुट्ट्या शून्य दिसतात.

18 सप्टेंबर रोजी दुपारी पावणेदोनच्या सुमारास स्टोअर काउंटरवर मी सुपरवायझर साहेबांना याबाबत विचारले. ते म्हणाले, “सुट्ट्या मोजायला येतोस का कामाला?” मी म्हणालो, “माझ्या हक्काच्या आहेत.” तेव्हा विभागातील दोन सहकारी हजर होते. त्यांची नावे विचारल्यास सांगेन.

20 सप्टेंबर रोजी संध्याकाळी 7:40 वाजता ग्रुपवर मला 22 सप्टेंबरपासून रात्रपाळी असल्याचा निरोप आला. निरोपाची प्रत सोबत आहे.

विनंती: तीन बदली सुट्ट्या माझ्या खात्यात जमा कराव्यात आणि पाळीबदलाचे कारण लेखी कळवावे.’

बघ, एक पानसुद्धा भरलं नाही. यात साहेबांना एकही विशेषण नाही, आणि माझ्या पेन्सिलीला जवळजवळ प्रत्येक ओळीखाली रेघ मारावी लागली असती. विनंती मी दोनच ठेवल्या. ‘साहेबांवर कारवाई करा’ हे तू मागू नकोस. चौकशीत काही निघालं, तर काय करायचं ते त्यांनी ठरवायचं.

अर्ज मेलने पाठव, एचआरच्या पत्त्यावरच. अख्ख्या विभागाला प्रत लावायची नाही. कागदावर दिलास तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी पोच मागायची, नम्रपणे आणि उभं राहून. ते बोलावून घेतील, तोंडी बोलतील. त्याच दिवशी घरी जायच्या आधी एक छोटा मेल टाक: आज अमुक वाजता आपलं बोलणं झालं, तुम्ही असं असं सांगितलंत, माझ्या समजण्यात चूक असेल तर कळवा. तोंडी आश्वासन वाऱ्यावर जातं, हा मेल राहतो.

एचआरवाले कंपनीचे पगारी लोक आहेत, हे विसरू नकोस. मीही होते. ते तुझे वकील नाहीत आणि ‘हे कुणाला कळणार नाही’ असा शब्द ते देऊ शकत नाहीत, कारण साहेबांना विचारल्याशिवाय चौकशी होतच नाही. पण नीट तारखा असलेला अर्ज दाबून ठेवणं त्यांनाही अवघड जातं. पंधरा दिवस वाट बघ, मग एका ओळीचं स्मरणपत्र दे. तरी हललं नाही, तर वीस किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात तक्रार निवारण समिती असावी लागते, तिच्याकडे हाच अर्ज जातो. पुढे सरकारी कामगार अधिकारी आहेत. प्रत्येक ठिकाणी हेच पान लागतं. त्यात पहिल्यापासून राग असेल, तर तो राग प्रत्येक टेबलावर तुझ्याआधी पोचतो.

तुझ्या विभागातल्या त्या मुलीचं तू ओझरतं सांगितलंस. तिचा विषय वेगळा आहे, तो या अर्जात घालू नकोस. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे लेखी द्यायची असते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. अडचण असेल तर समिती कारण नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. ती तक्रार तिची आहे, करायची की नाही ते तिने ठरवायचं. मुदतीचं मात्र तिच्या कानावर घाल, आजच. आणि पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रार करणारीवर कारवाई होत नाही, हेही सांग. या भीतीनेच पुष्कळ जणी गप्प बसतात.

आज येताना एक शंभर पानी वही घे. पानं सुटी होणारी नको, शिवलेली हवी. कामावरून आलास की जेवायच्या आधी तीन-चार ओळी: तारीख, वेळ, कुठे, कोण, काय शब्द. चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिही, पान फाडू नकोस. काही घडलं नाही त्या दिवशी काही लिहू नकोस. वही घरीच ठेव, कामाच्या लॉकरमध्ये नाही. पहिल्या पानावर 18 तारखेचं लिही आणि त्याच्याखाली आजची तारीख घाल, कारण ते तू आज लिहितोयस.