शून्य शिल्लक, चार वेळा उचल

प्रश्न : मी गवंडीकाम करतो; मजुरी दर शनिवारी मिळते. किमान शिल्लक न राखता खाते उघडता येईल का?
— एक वाचक, कारेलीबाग, वडोदरा

उत्तर : अवश्य. बँकेत ‘मूलभूत बचत खाते’ मागावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्यात शिल्लक शून्यावर आली तरी दंड नाही, भरणा कितीही वेळा विनामूल्य असून एटीएम कार्डही फुकट मिळते. मात्र विनामूल्य उचलीची हमी महिन्यास 4 वेळांचीच असून एटीएममधून काढलेली रक्कमही तीत गणली जाते. म्हणून रोज 100 रुपये काढण्याऐवजी आठवड्यातून एकदाच 700 काढावेत, आणि पाचव्या उचलीस आकार किती, हे आधीच विचारून घ्यावे. त्याच बँकेत आपले दुसरे बचत खाते असल्यास ते 30 दिवसांत बंद करावे लागते.