खरा पर्याय आणि बरोबर पर्याय

उतारा देऊन ‘यातून कोणता निष्कर्ष निघतो?’ किंवा ‘पुढीलपैकी कोणत्या वाक्याने हा उतारा पूर्ण होईल?’ असे विचारले की बरीच मुले चारही पर्याय वाचतात आणि त्यांतला सर्वांत पटणारा निवडतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांची उत्तरे पाहताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. या प्रश्नांत वाचन कमी असलेली मुले चुकतातच, पण ज्यांचे वाचन भरपूर आहे तीही चुकतात, आणि त्यांची चूक सुधारायला जास्त अवघड असते. शेती, पाणी, पर्यावरण, अर्थकारण यांबद्दल त्यांना पुष्कळ माहीत असते. त्यामुळे एखादा पर्याय खरा आहे हे ती चटकन ओळखतात आणि तिथेच थांबतात. प्रश्न मात्र पर्याय खरा आहे का, असा नसतोच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सीसॅटमध्ये उताऱ्यांच्या आधी स्पष्ट सूचना असते की, उत्तरे फक्त दिलेल्या उताऱ्यावर आधारलेली असावीत. ती सूचना सगळे वाचतात, पण उत्तर देताना फार थोडे पाळतात.

एक नमुना घेऊन पाहू. समजा उतारा असा आहे: “ठिबक सिंचनामुळे पिकाची एकरी पाण्याची गरज कमी होते, याबद्दल वाद नाही. मात्र वाचलेले पाणी विहिरीतच राहते असे नाही. ज्या शेतकऱ्याकडे कोरडवाहू जमीन शिल्लक असते, तो त्या पाण्यावर आणखी क्षेत्र भिजवतो किंवा जास्त पाणी लागणाऱ्या पिकाकडे वळतो. अशा गावांत भूजलाचा उपसा पूर्वीइतकाच राहतो, कधी कधी वाढतोही.” निष्कर्षासाठी चार पर्याय आहेत. अ: ठिबक सिंचनाचे अनुदान बंद करायला हवे. आ: ठिबक सिंचनामुळे शेतकऱ्याचे उत्पन्न वाढते. इ: एकरी पाण्याची बचत झाली म्हणजे भूजलाचा एकूण उपसा घटेलच, असे धरून चालता येत नाही. ई: ठिबक सिंचनामुळे भूजलाची पातळी कधीच सुधारत नाही.

पर्यायांकडे वळण्याआधी उताऱ्याची चाल पाहावी. पहिले वाक्य एक गोष्ट मान्य करते. दुसऱ्या वाक्यातला ‘मात्र’ दिशा बदलतो, आणि लेखकाला जे सांगायचे आहे ते तिथून पुढे आहे. तिसरे वाक्य कारण देते, चौथे परिणाम सांगते. म्हणजे एका शेतातली बचत आणि गावातला उपसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीवरून दुसरी गृहीत धरू नये, हा उताऱ्याचा रोख आहे. हे आपल्या शब्दांत मनाशी म्हणावे आणि मगच पर्याय वाचावेत. हा क्रम उलटा झाला तर बहुतेक चुकांना तिथेच सुरुवात होते. पर्याय आधी वाचले की त्यांतले ओळखीचे शब्द मनात बसतात, आणि मग आपण उताऱ्यात त्या शब्दांना आधार शोधू लागतो. शोधले की कुठे ना कुठे आधार सापडल्यासारखे वाटतेच.

आता प्रत्येक पर्याय उलटा करून उताऱ्यासमोर ठेवावा. पर्यायाचा नकार खरा मानला, तर उतारा कुठे मोडतो का? ‘अ’ उलटा केला की ‘अनुदान बंद करायची गरज नाही’ असे होते, आणि उताऱ्यातली चारही वाक्ये जागच्या जागी राहतात. उताऱ्यात काय घडते ते सांगितले आहे. काय करावे, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ‘आ’ उलटा केला तरी उताऱ्याला काही होत नाही. जास्त क्षेत्र भिजले म्हणजे उत्पन्न वाढले असणार, असे आपल्याला वाटते खरे; पण भाव, खर्च, कर्ज यांपैकी कशाचाही उल्लेख नसताना ती भर आपणच घातलेली असते. ‘ई’ उलटा केला की ‘काही ठिकाणी पातळी सुधारते’ असे वाक्य मिळते, आणि उतारा त्याच्याशी सुखाने नांदतो. चौथे वाक्य ‘अशा गावांत’ म्हणते, म्हणजे जिथे शिल्लक जमीन आहे तिथले बोलते. जिथे ती नाही तिथे काय होते, यावर उतारा गप्प आहे. शिवाय तो उपशाबद्दल बोलतो. पातळी पावसावर आणि पुनर्भरणावरही ठरते. राहिला ‘इ’. तो उलटा केला की ‘एकरी बचत झाली म्हणजे एकूण उपसा घटतोच’ असे म्हणावे लागते, आणि चौथे वाक्य त्याला सरळ खोटे पाडते. ज्याचा नकार उताऱ्याला सहन होत नाही, तोच उताऱ्याने दिलेला निष्कर्ष.

या कसोटीत ‘ई’ का पडला, याकडे थोडे अधिक लक्ष द्यावे, कारण शेवटच्या दोन पर्यायांत अडकणारी मुले बहुधा अशाच पर्यायावर घसरतात. विषय बरोबर आहे, दिशा बरोबर आहे, फक्त एक शब्द जास्त आहे: ‘कधीच’. ‘सर्व’, ‘केवळ’, ‘एकमेव’, ‘नेहमी’, ‘निश्चितच’ हे शब्द त्याच कुळातले. पण असा शब्द दिसला की पर्याय खोडायचा, हा क्लासमध्ये मिळणारा सल्ला मला धोक्याचा वाटतो. उताऱ्यानेच ‘कोणत्याही गावात उपसा घटला नाही’ असे म्हटले असेल, तर कडक शब्दाचा पर्यायच बरोबर असेल आणि ‘काही गावांत’ म्हणणारा अपुरा पडेल. पर्यायाचा जोर उताऱ्याच्या जोराशी जुळतो का, एवढेच पाहायचे असते.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो, आणि तो रास्त आहे: असे असेल तर सर्वांत कमी दावा करणारा पर्याय नेहमीच सुरक्षित ठरेल. समजा ‘आ’च्या जागी ‘ठिबक सिंचनामुळे एकरी पाण्याची गरज कमी होते’ असा पर्याय असता. तो तर उताऱ्यातच आहे. नकाराच्या कसोटीवरही तो टिकतो, कारण त्याचा नकार पहिल्या वाक्याला मोडतो. मग तो उत्तर का नाही? कारण आधार असणे ही पहिली अट आहे, एकमेव अट नाही. निष्कर्ष उताऱ्यातल्या वाक्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यातून यावा लागतो. या पर्यायासाठी पहिले वाक्य पुरते. उरलेली तीन नसती तरी चालले असते. ‘इ’साठी मात्र चारही लागतात. म्हणून दोन पर्याय आधाराच्या कसोटीवर टिकले, तर कोणता पर्याय जास्त वाक्यांना कामाला लावतो ते पाहावे. एक काळजी मात्र घ्यावी. ‘उताऱ्यानुसार पुढीलपैकी कोणते विधान बरोबर आहे?’ असे विचारले असेल, तर तीच पुनरुक्ती निर्विवाद उत्तर ठरते. निष्कर्ष, मध्यवर्ती कल्पना, गृहीतक आणि नुसते बरोबर विधान या चार वेगळ्या मागण्या आहेत. प्रश्नाची ओळ घाईत वाचणारा विद्यार्थी उतारा नीट समजूनही गुण गमावतो.

उतारा पूर्ण करणारे वाक्य शोधायचे असते तेव्हा आणखी एक बंधन येते: नवे वाक्य शेवटच्या वाक्याला लागून यावे लागते. वरच्या उताऱ्याच्या शेवटी ‘हा परिणाम टाळायचा असेल तर…’ एवढे शब्द जोडून जागा रिकामी ठेवली, तर ‘इ’ तिथे बसणारच नाही, जरी तो उताऱ्याचा खरा निष्कर्ष असला तरी. आता वाक्याला उपाय हवा आहे, आणि तोही त्याच कारणावरचा. ‘ठिबकसोबत एकूण उपशावरही मर्यादा असायला हवी’ हे वाक्य बसेल. ‘शेतकऱ्यांमध्ये पाणी बचतीची जागृती करायला हवी’ हे ऐकायला चांगले वाटते, पण उताऱ्यातला शेतकरी पाणी वाया घालवतच नाही, तो वाचवलेले पाणी दुसरीकडे वापरतो. त्यामुळे हा उपाय मुळावर बसत नाही. निष्कर्षाच्या प्रश्नात उपदेश करणारा पर्याय बहुतेक वेळा खोडावा लागतो, आणि इथे उपदेश करणारेच वाक्य हवे असते. म्हणून तयार नियमांपेक्षा रिकाम्या जागेच्या आधीचे शेवटचे वाक्य आणि ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘तर’ यांसारखे जोडशब्द अधिक विश्वासाचे आहेत.

एवढे सगळे करायला वेळ कुठे आहे, हा दुसरा आक्षेप. केंद्रीय आयोगाच्या सीसॅटमध्ये 2 तासांत 80 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. आकडा खरा आहे, पण वेळ जातो कुठे ते पाहावे. उतारा एकदा वाचायला जातो त्याहून जास्त वेळ शेवटच्या दोन पर्यायांमध्ये हेलपाटे घालण्यात जातो, आणि रोख मनाशी बांधलेला नसला की हे हेलपाटे वाढतात. उताऱ्याचे एक वाक्य मनात करायला काही सेकंद लागतात. नकाराची कसोटीही चारही पर्यायांना लावायची नसते. उरलेल्या दोन पर्यायांना लावली तरी पुरते. ती लावूनही दोन्ही उभे राहिले, तर हिशेब तुमच्या बाजूचा आहे. बरोबर उत्तराला 2.5 गुण आहेत, चुकीला एक तृतीयांश, म्हणजे सुमारे 0.83 गुण वजा होतात. दोन्हींतून एक निवडताना सरासरीने फायदाच होतो. चारही पर्याय सारखेच वाटत असतील, तर सरासरी शून्यावर येते. तिथे प्रश्न सोडून पुढे जावे.

काही उताऱ्यांत दोन पर्यायांमधला फरक खरोखरच अंधुक असतो, हे मी नाकारत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोग पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करून हरकती मागवतो, तेव्हा हे तिथे मांडताही येते. पण हरकत घेणाऱ्याला उताऱ्यातले वाक्य दाखवावे लागते. ‘प्रत्यक्षात असेच असते’ हे तिथे चालत नाही. तीच शिस्त सरावाला लावा. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवताना उत्तर जुळले की पुढे जाऊ नका. प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो कोणत्या शब्दावर पडला तो शब्द लिहा, आणि बरोबर पर्यायापुढे उताऱ्यातली कोणती वाक्ये त्याला उचलून धरतात त्यांचे क्रमांक लिहा. क्रमांक लिहिता आले नाहीत, तर उत्तर जुळलेले असले तरी तो प्रश्न पुन्हा सोडवा.