रंगमंचावरील चेहरा : रेषा ठळक का हव्यात?

शाळेच्या स्नेहसंमेलनात नृत्यासाठी सजविलेली मुलगी रंगपटात देखणी दिसते. परंतु तीच दिव्यांसमोर उभी राहिली म्हणजे मागच्या रांगेतील पालकांना तिचे डोळे व ओठ नीट दिसत नाहीत. चेहऱ्याच्या जागी एक चकाकणारा गोल तेवढा दिसतो, आणि तिने कष्टाने बसविलेले मुद्राभाव वाया जातात.

याची कारणे दोन आहेत. पहिले प्रकाशाचे. भुवईखालची खोबण, नाकाच्या बाजू, गालाखालचा उतार यांवर पडणाऱ्या सावल्यांवरून पाहणाऱ्यास चेहऱ्याची ठेवण कळते. समोरून प्रखर दिवे लावले की या सावल्या पुसल्या जातात. दुसरे कारण अंतराचे. १२ मीटरांवरून निरोगी डोळ्यासही सुमारे साडेतीन मिलिमीटरांपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. घरी घातलेल्या काजळाची रेघ जेमतेम एक मिलिमीटर रुंद असते. दुरून ती शेजारच्या त्वचेच्या रंगात मिसळून फिकी पडते. म्हणून दिव्यांनी पुसलेले रंगाने पुन्हा रेखावे लागते, आणि तेही अंतराच्या मानाने ठळक.

चौथीतील एका सावळ्या मुलीचे उदाहरण घ्यावे. तिला कोळीनृत्य करावयाचे आहे आणि शेवटची रांग १२ मीटरांवर आहे. प्रथम चेहरा धुऊन कोरडा करावा. नंतर तिच्या मूळ वर्णाशी जुळणारा रंग ओल्या स्पंजाने चेहरा, कान व मान यांवर पातळ लावावा. गोरेपणासाठी पांढरट रंग देण्याची चाल चुकीची आहे. दिव्यांत तो राखेसारखा दिसतो आणि हातांचा वर्ण निराळा पडतो.

डोळ्यांच्या वरच्या पापणीवर सुमारे तीन मिलिमीटर रुंद काळी रेषा काढून ती बाहेरच्या कोपऱ्यापुढे अर्धा सेंटिमीटर न्यावी. खालची रेषा पापणीच्या मध्यापासून बाहेर काढावी. मात्र बाहेरच्या टोकाशी दोन्ही रेषा जोडू नयेत. त्या जोडल्या की डोळा बंदिस्त होऊन लहान दिसतो. भुवया मूळ केसांच्या वळणानेच गडद कराव्यात. गालांवर फिकट गुलाबी रंग सावळ्या वर्णावर दिसत नाही, तेथे तांबूस तपकिरी हवा. ओठांची कड गडद लाल रंगाने स्पष्ट करावी. भाषण करणाऱ्या मुलास डोळ्यांची लांबविलेली रेषा नको. त्याच्या भुवया व ओठांची कड तेवढी स्पष्ट केली म्हणजे पुरते.

यानंतर रंग पक्का बसविण्याचे काम. दिव्यांची उष्णता व नाचण्याचे श्रम यांनी घाम येतो, रंग ओघळतो, आणि तेलकट त्वचा आरशासारखा प्रकाश परतवते. पावडर तेल शोषते व प्रकाश विखुरते, म्हणून चकाकी जाते. वर्णाशी जुळणारी पावडर पफाने दाबून बसवावी. घासल्यास खालचा रंग सरकतो. दोन-तीन मिनिटांनी उरलेली मऊ कुंचल्याने झटकावी. ओठांचा पहिला थर कागदावर टिपून, किंचित पावडर लावून, वर दुसरा थर द्यावा. एलईडी दिवे हॅलोजनपेक्षा कमी तापतात, तरी नाचण्याचा घाम येतोच. त्यामुळे ही कृती वगळता येत नाही.

परीक्षा आरशात होत नाही. मुलीस प्रत्यक्ष दिव्यांत उभे करून शिक्षकांनी शेवटच्या रांगेतून पाहावे. भुवया दिसतात पण डोळे दिसत नाहीत, असे झाल्यास वरची रेषा रुंद करावी. चेहरा चकाकत असल्यास आधी कोरड्या कागदाने घाम टिपावा, मगच पावडर द्यावी. घामावर ती टाकल्यास गोळे धरतात. रंगीत दिवे असतील तर त्यांतही पाहावे. लाल प्रकाशात लाल ओठ चेहऱ्यात हरवतात, हिरव्या प्रकाशात ते काळपट होतात.

ही रंगभूषा दूरच्या प्रेक्षकांसाठी आहे. दिवसाउजेडी अंगणात किंवा लहानशा वर्गात ती मुखवट्यासारखी वाटते. तेथे रेषा निम्म्याने बारीक कराव्यात.

मुलांच्या त्वचेस जपणे अगत्याचे आहे. शिशाचा सफेदा व पाऱ्यापासून होणारा हिंगूळ विषारी असल्याने ते कदापि वापरू नयेत. नवा रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावा. खाज वा लाली आल्यास तो टाळावा. एकाची काजळकांडी दुसऱ्यास लावू नये, कारण डोळे आल्यास साथ पसरते. कार्यक्रम संपताच खोबरेल तेलात भिजविलेल्या कापसाने रंग पुसून चेहरा साबणाने धुवावा, आणि मगच मुलीस घरी पाठवावे.