मनगटदुखीचा अर्ज: खुर्ची मागण्याआधी टेबल मोजा



यू-डायस प्लसची माहिती भरायचे दिवस आले की माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर व्हायची. उठून हात झटकला की बरं वाटायचं. करंगळीला मात्र काहीच नाही. डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी मीडियन नस अंगठ्यापासून अनामिकेच्या अर्ध्यापर्यंतच जाते, करंगळीची नस वेगळी. मनगट वाकवून ठेवलं की या बोगद्यात दाब वाढतो. मधुमेह आणि थायरॉईडमुळेही असंच होतं, म्हणून आधी रक्त तपासलं. ते ठीक निघालं.

मग मुख्याध्यापकांना अर्ज दिला, "मनगट दुखते, चांगली खुर्ची मिळावी." तो फाईलमध्येच राहिला. खरं सांगू, चूक माझीच होती. खुर्चीने प्रश्न सुटेल हे मी कशावरून ठरवलं होतं? कारखान्यात सुरक्षा बघायला निरीक्षक येतो, आपल्या शाळेतल्या टेबलासाठी कोण येणार? जागेची तपासणी मागायची तर आपणच मापं द्यायला हवीत.

शिवणकामाची टेप घेतली. खुर्चीची बैठक 42 सेंमी. बसून हात कोपरात काटकोनात वाकवला तर कोपर बैठकीपासून 22 वर, म्हणजे जमिनीपासून 64. टेबल 76 आणि लॅपटॉपची जाडी 2, म्हणजे कळा 78 वर. कोपरापेक्षा तब्बल 14 सेंमी उंच! त्यामुळे खांदे वर चढायचे आणि मनगट टेबलाच्या कडेवर टेकून मागे वाकायचं.

दुसरा अर्ज असा लिहिला:

"मी रोज सुमारे तीन तास सलग ऑनलाइन माहिती भरते. दोन महिन्यांपासून उजव्या हाताची तीन बोटे रात्री बधिर होतात. वैद्यकीय चिठ्ठी, टेबल-खुर्चीची मापे व बाजूने काढलेला फोटो जोडला आहे. फिजिओथेरपिस्टकडून कामाच्या जागेची तपासणी करून घ्यावी व तोपर्यंत दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे काम थांबवण्याची परवानगी असावी, ही विनंती."

परवानगी त्याच दिवशी मिळाली. जालन्याच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना यायला जमलं नाही, पण फोटो आणि मापं पाहून त्यांनी फोनवरच सांगितलं, नवीन खुर्ची नको, कळा खाली आणा. मोठ्या मुलांचा 62 सेंमीचा बाक घेतला, गुडघे अडू नयेत म्हणून त्याचा खालचा कप्पा काढला आणि वर वेगळा कीबोर्ड ठेवला. लॅपटॉप मागे टेबलावरच, खाली तीन जाड रजिस्टरं. नाहीतर मान वाकते.

तीन आठवड्यांत रात्रीचं उठणं थांबलं. पण अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट दिसू लागला किंवा हातातून खडू सुटू लागला, तर टेप मोजत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. तेव्हा नसेलाच इजा होत असते.

कीबोर्डचं बिल मात्र संयुक्त शाळा अनुदानात बसतं की नाही, यावर आमच्याकडे अजून चर्चा चालू आहे.