इस्तिखारा म्हणजे स्वप्नाचा कौल नव्हे

शंका : माझ्या 24 वर्षांच्या मुलीला दापोलीकडून रिश्ता आला आहे. मुलगा कुवेतला नोकरीला असतो. मुलगी त्याच्याशी बोलली आहे, तिला तो पसंत आहे. माझ्या नणंदेने आमच्यासाठी इस्तिखारा केला, तेव्हा तिला स्वप्नात काळ्या पाण्याची विहीर दिसली. घरातले सगळे म्हणतात, अल्लाहकडून नकार आला. मुलगी तेव्हापासून गप्प आहे. आम्ही काय करावं? (एक आई, रत्नागिरी जिल्हा)

समाधान : ताई, तुमच्या नणंदेने प्रेमापोटी हे केलं, यात मला शंका नाही. पण या स्वप्नावरून रिश्ता मोडू नका.

इस्तिखाऱ्याची मूळ हदीस हजरत जाबिर यांच्याकडून आलेली आहे आणि ती सहीह बुखारीत आहे. कुरआनची सूरा शिकवावी तसा पैगंबर आम्हाला प्रत्येक कामासाठी इस्तिखारा शिकवत, असं ते सांगतात. त्यातली रीत अगदी थोडक्यात आहे. एखादं काम मनात आलं की फर्जव्यतिरिक्त दोन रकात नफल पढायच्या आणि मग ठरलेली दुआ मागायची. हे काम माझ्या दीनसाठी, माझ्या उदरनिर्वाहासाठी आणि माझ्या पुढच्या परिणामासाठी चांगलं असेल तर ते माझ्या नशिबी लिही, सोपं कर आणि त्यात बरकत दे. वाईट असेल तर ते माझ्यापासून आणि मला त्याच्यापासून दूर कर, आणि भलं जिथे असेल तिथे ते मला देऊन त्यात राजी ठेव, असा तिचा आशय आहे. दुआत आपल्या कामाचं नाव घ्यायचं. एवढंच. या हदीसमध्ये झोपेचा उल्लेख नाही, स्वप्नाचा नाही आणि रंगांचाही नाही. इशानंतरच केला पाहिजे असंही त्यात नाही. नमाजला मनाई असलेल्या वेळा टाळून दिवसाही करता येतो. पाळी चालू असेल तर नमाज न पढता नुसती दुआ मागावी.

मग काळा रंग आला कुठून? दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन (निधन 1836) यांनी आपल्या ग्रंथात एका आधीच्या किताबातून एक गोष्ट नोंदवली आहे. दुआ मागून, वजू करून, किब्ल्याकडे तोंड करून झोपावं. पांढरं किंवा हिरवं दिसलं तर काम चांगलं, काळं किंवा लाल दिसलं तर टाळावं, असं बुजुर्गांकडून ऐकिवात आहे, अशी ती नोंद आहे. म्हणजे हा बुजुर्गांचा अनुभव आहे, पैगंबरांची शिकवण नव्हे. आपल्याकडे घरोघरी वाचल्या जाणाऱ्या मौलाना अशरफ अली थानवी यांच्या ‘बहिश्ती जेवर’मध्येही दुआनंतर पाक बिछान्यावर वजूनिशी झोपायला सांगितलं आहे. पण तिथेही उठल्यावर मनात जी गोष्ट पक्की बसेल ती बरी, असं म्हटलं आहे. काय दिसलं यावर भर नाही.

आता नणंदेच्या स्वप्नाकडे पाहू. हदीसमध्ये स्वप्नं तीन प्रकारची सांगितली आहेत: अल्लाहकडून येणारी खुशखबर, माणसाला दुःखी करण्यासाठी सैतानाकडून येणारं भय, आणि माणूस जागेपणी मनाशी जे घोळवतो तेच झोपेत दिसणं. तुमच्या नणंदेला स्वप्नाआधी या घराबद्दल काही ऐकायला मिळालं होतं का? मुलगी परदेशी जाईल याची धास्ती त्यांना आधीपासून होती का? शांतपणे विचारा. धास्ती असेल तर ती विहीर तिसऱ्या प्रकारात बसते. काही ऐकलं असेल तर ती माहिती जास्त महत्त्वाची आहे. तिची शहानिशा करा आणि विहीर विसरा. वाईट स्वप्न पडलं तर अल्लाहची पनाह मागावी, डावीकडे तीनदा हलकेच थुंकल्यासारखं करावं, कूस बदलावी आणि ते कुणाला सांगू नये, अशी हदीसची शिकवण आहे. तुमच्याकडे मात्र ते साऱ्या घराला सांगितलं गेलं आणि एका मुलीच्या आयुष्याचा निवाडा त्यावर होऊ घातला आहे.

फातिमा बिन्ते कैस यांची हकीकत मुद्दाम सांगतो. त्यांना मुआविया आणि अबू जह्म या दोघांकडून मागणी आली होती. त्यांनी पैगंबरांचा सल्ला विचारला. पैगंबरांनी स्वप्नाची वाट पाहायला सांगितलं नाही. मुआवियाकडे पैसा नाही आणि अबू जह्मच्या खांद्यावरून काठी उतरत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि उसामाशी निकाह करायला सुचवलं. रिश्त्याच्या बाबतीत मशवरा असा असतो: माणसाबद्दलची खरी, कामाची माहिती. तुम्हीही तीच काढा. नोकरीचा करार कसला आहे, व्हिसा कोणता आहे, मुलीला सोबत नेता येईल का, आधी निकाह झाला होता का, कर्ज किती आहे, रागीट आहे का, हे त्याच्या कुवेतमधल्या सोबत्यांना आणि गावातल्या शेजाऱ्यांना विचारा.

आणि इस्तिखारा मुलीला स्वतः करू द्या. काही उलेमांनी दुसऱ्यासाठी करण्याची मुभा दिली आहे, पण दुआचे शब्द ‘माझा दीन, माझा उदरनिर्वाह’ असे आहेत आणि हा संसार तिचा आहे. हजरत जैनब बिन्ते जहश यांना खुद्द पैगंबरांची मागणी आली, तेव्हा माझ्या रबला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही असं सांगून त्या स्वतः नमाजला उभ्या राहिल्या होत्या. तुम्ही आई म्हणून तिच्यासाठी दुआ करा, ती कधी वाया जात नाही.

शंका : दुकानाचा गाळा घ्यावा की नाही यासाठी सात रात्री इस्तिखारा केला. काहीच दिसलं नाही. शिवाय टोकन द्यायला निघालो त्या दिवशी गाडी बंद पडली. हा इशारा समजावा का? (एक वाचक, औरंगाबाद)

समाधान : काही न दिसणं हा नकार नाही आणि होकारही नाही, ती फक्त न दिसलेली गोष्ट आहे. सात वेळा करण्याची एक रिवायत आहे, पण हदीसचे मोठे जाणकार इब्न हजर अस्कलानी (1372–1449) यांनी तिची सनद फार कमजोर ठरवली आहे. पुन्हा पुन्हा दुआ मागायला हरकत नाही, मात्र सातची अट नाही.

दुआनंतर मन ज्या बाजूला मोकळं होईल तिकडे जावं, असं इमाम नववी (निधन 1277) म्हणतात. इब्न हजर त्यात एक महत्त्वाची खबरदारी जोडतात: इस्तिखाऱ्याआधीच ज्या गोष्टीची तीव्र ओढ होती, तिच्याकडे मन झुकलं तर तो झुकाव धरू नये. स्वतःला विचारा, गाळा पाहताक्षणीच तुम्ही मनाने घेतला होता का? घेतला असेल तर मनाच्या कौलावर भिस्त ठेवू नका, हिशेबावर ठेवा. इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांचं मत तुम्हाला इथे उपयोगी पडेल. दुआ केली, आता विचार करून जे ठरेल ते करा, असं त्यांचं सांगणं आहे.

बंद पडलेली गाडी मेकॅनिकला दाखवा. गाळ्याच्या कागदपत्रांत बोजा निघाला, मालकी वादात असली किंवा हप्ता झेपत नसला, तर ती खरी अडचण आहे, तिथे थांबा. टोकनची मुदत संपेपर्यंत स्वप्नाची वाट पाहणं म्हणजे निर्णय घेण्याचं टाळणं होय, आणि त्यात चांगला गाळाही हातचा जाईल.

शंका : मुलाचं आणि त्याच्या आईचं नाव फोनवर सांगितलं की एक आमिल इस्तिखारा ‘काढून’ देतात. 1100 रुपये हदिया घेतात. द्यावेत का? (एक वाचक, सोलापूर)

समाधान : देऊ नका. हदीसमधल्या इस्तिखाऱ्याला आईचं नाव लागत नाही, फोन लागत नाही आणि पैसे लागत नाहीत. त्यातून ‘कुणीतरी करणी केली आहे’ असा जबाब आला, तर पुढची मागणी 1100 वर थांबणार नाही आणि नातेवाइकांवर संशय सुरू होईल. दुआ अरबीत पाठ नसेल तर कागदावरून पाहून वाचा. तुमच्या मशिदीतले इमामसाहेब ती तुम्हाला मोफत लिहून देतील.