ढोलताशांचा गजर आणि अर्धशिशी
(प्राथमिक शिक्षकांसाठी आरोग्यपाठ)

माजिवड्यापासून गायमुखापर्यंत गेलेला घोडबंदर रस्ता पूर्वी शेतांतून आणि लहान गावांतून जात असे. आज त्याच्या दोन्ही बाजूंस उंच इमारतींच्या वसाहती उभ्या आहेत. मोकळ्या माळावर वाजलेला ढोल दूर जाता जाता विरत जातो. परंतु समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये वाजलेला ढोल भिंतींवर आपटून परत येतो आणि मधल्या मुलांच्या कानी पुनःपुन्हा पडतो. गणेशविसर्जन, दहीहंडी, नवरात्र व हळदीचा समारंभ या प्रसंगी काही मुलांचे डोके दुखू लागते, ती ओकतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेस येत नाहीत. अशा मुलास ‘नाजूक’ किंवा ‘नखरेल’ ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी पुढील उदाहरण ध्यानात घ्यावे.

१. एका मुलीचे उदाहरण

कासारवडवलीच्या परिसरातील इयत्ता सहावीची एक मुलगी लेझीम-पथकात होती. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री सराव लांबल्यामुळे ती उशिरा झोपली. सकाळी चहाखेरीज तिने काही घेतले नाही. दुपारी चार वाजता मिरवणूक निघाली, तेव्हा तिची जागा ताशांच्या ओळीस लागून, ध्वनिवर्धकाच्या अगदी पुढे आली. सहाच्या सुमारास ती वारंवार जांभया देऊ लागली व गप्प झाली. सात वाजता कपाळाच्या दोन्ही बाजूंस ठणका लागला. घरी येताच तिने ओकारी केली. दिव्याचा उजेड व घरातील बोलणेही तिला सोसवेना. अंधाऱ्या खोलीत झोप लागल्यावर ठणका ओसरला, तरी दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही.

पथकातील मुलींनी ती नाटक करते असे म्हटले. तिला पथकातून वगळावे, अशीही सूचना पुढे आली. तेव्हा ती वर्गशिक्षिकेस म्हणाली, “बाई, मला ढोल आवडतो. मला काढू नका.” शिक्षिकेने तिच्या आईस बोलावून घेतले. आई म्हणाली, “बाई, मला पण लहानपणापासून असंच होतं. लग्नघरी बँड लागला की मी मागच्या खोलीत जाऊन बसते.” हे उत्तर महत्त्वाचे होते, कारण अर्धशिशी पुष्कळदा घराण्यात चालत येते. शिक्षिकेच्या सांगण्यावरून मुलीस डॉक्टरांस दाखविण्यात आले आणि त्यांनी हा विकार अर्धशिशीच असल्याचे सांगितले. मोठ्या माणसांत हे दुखणे बहुधा डोक्याच्या एका बाजूस असते. मुलांत ते दोन्ही बाजूंस असू शकते, म्हणून पालकांच्या लक्षात येत नाही.

२. आवाजाने डोके का दुखते?

खोलीतील घड्याळाची टिकटिक काही वेळाने ऐकू येईनाशी होते. घड्याळ बंद पडलेले नसते. तोच तो आवाज मेंदूने दुर्लक्षिलेला असतो. अर्धशिशी असणाऱ्याच्या मेंदूत असे सरावणे कमी प्रमाणात घडते. ताशाचा शंभरावा आघातही त्यास पहिल्याइतकाच तीव्र लागतो. असे आघात तासन्‌तास साठत गेले म्हणजे चेहरा व डोके यांच्या संवेदना वाहून नेणारी मज्जातंतूंची यंत्रणा जागी होते व ठणका सुरू होतो.

मात्र आवाज हे बहुधा एकटे कारण नसते. उपास, तहान, अपुरी झोप, ऊन, उग्र वास व लुकलुकणारे दिवे ही कारणे एका घड्यात पडणाऱ्या पाण्यासारखी एकत्र येतात. घडा भरला की दुखणे बाहेर पडते. उपरोक्त मुलीच्या शिक्षिकेने वर्षभर एका वहीत दुखण्याचा दिवस, त्या आधीची झोप, जेवण व आवाज यांची नोंद ठेवविली. चार वेळा डोके दुखले. चारही वेळा मोठ्या आवाजाबरोबर जेवण चुकले होते किंवा झोप अपुरी होती. एकदा हळदीच्या समारंभात बँड मोठा होता, परंतु मुलगी जेवून व विश्रांती घेऊन गेली होती. त्या दिवशी तिला काहीही झाले नाही. यावरून समारंभ टाळण्याची गरज नसून घडा भरू न देण्याची गरज आहे, हे शिक्षिकेस उमगले.

येथे एक फसगत सांभाळावी. कित्येकदा दुखणे आतून सुरू झालेले असते व आवाज नकोसा होणे हे त्याचे पहिले लक्षण असते. सकाळीच भांड्यांचा खणखणाट असह्य होत असेल, मान आखडली असेल, जांभया येत असतील, तर त्या दिवशी ढोल हे कारण नव्हे. अशा दिवशी कानांत काही घातल्याने दुखणे थांबत नाही. मुलास घरी शांत ठेवणे हाच उपाय होय.

३. कानांतील बोळे

बाजारात इअरप्लग म्हणून फोमचे मऊ बोळे मिळतात. कापसाचे बोळे त्यांची जागा घेऊ शकत नाहीत; कापसातून आवाज जवळजवळ तसाच आत जातो. फोमचा बोळा घालण्याची रीत अशी : हात स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. बोळा दोन बोटांत वळून बारीक काडीसारखा करावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व मागे ओढावी, म्हणजे कानाची वाट सरळ होते. लगेच बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवावा. काढताना हळू पिळून काढावा. झटक्याने ओढू नये.

बोळा नीट बसला की नाही, हे ओळखण्याची सोपी कसोटी आहे. आवाज चालू असता दोन्ही तळहात कानांवर घट्ट ठेवावेत व काढावेत. बोळे नीट बसले असतील तर फारसा फरक जाणवत नाही. फरक मोठा वाटला, किंवा बोळ्याचा बहुतेक भाग बाहेर दिसत राहिला, तर तो पुन्हा घालावा. वेष्टनावर ३० डेसिबल आवाज कमी होतो असे लिहिलेले असले, तरी ते प्रयोगशाळेतील माप असते. सैल बसलेला बोळा त्याच्या निम्मेही काम करीत नाही.

बोळ्यांची मर्यादाही जाणून घ्यावी. ताशाचा तीक्ष्ण आवाज ते चांगला अडवितात. ढोलाचा खर्जातील घुमारा त्यामानाने कमी अडतो व छातीतही जाणवत राहतो. म्हणून बोळे घातले तरी ध्वनिवर्धकापासून दूर राहणे सुटत नाही. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर बोळे घालू नयेत. अगदी लहान मुले बोळा तोंडात घालतात व तो घशात अडकू शकतो. त्यांच्यासाठी कानांवर बसणारे झाकण वापरावे. बोळे घातलेल्या मुलास मागून येणारी वाहने नीट ऐकू येत नाहीत; घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांची वर्दळ असते, म्हणून रस्ता ओलांडताना मोठे माणूस बरोबर हवे. तसेच घरच्या साध्या आवाजांसाठी रोज बोळे घालू नयेत. सततच्या शांततेची सवय लागल्यास कान अधिकच हळवे होतात.

४. शांततेची विश्रांती

पुढील वर्षी त्या मुलीस पथकात ठेवण्यात आले, परंतु योजना आधी ठरविण्यात आली. बोळे घालण्याचा सराव तिने आठवडाभर आधी घरी केला. आदल्या रात्री ती वेळेवर झोपली. दुपारी पोटभर जेवली व पाण्याची बाटली जवळ ठेवली. लेझीमच्या रांगेत तिला पुढचे टोक देण्यात आले, म्हणजे ताशे व ध्वनिवर्धक दोन्ही मागे दूर राहिले. वीस मिनिटे खेळल्यावर पंधरा मिनिटे तिने वसाहतीतील एका घरी, रस्त्याच्या उलट बाजूच्या खोलीत, खिडकी लावून बसावे असे ठरले. तेथे तिने बोळे काढावेत, पाणी प्यावे आणि थोडे काही खावे. तिने हात वर केला की मैत्रिणीने काही न विचारता तिला बाहेर न्यावे, हीही खूण ठरली. दुखण्याची वाट पाहून विश्रांती घेणे उशिराचे ठरते. म्हणून विश्रांती घड्याळावर घ्यावयाची होती.

त्या सायंकाळी तिचे डोके किंचित जड झाले, परंतु ठणका लागला नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत हजर होती. एका दिवसाच्या अनुभवावरून उपाय सिद्ध होत नाही, हे शिक्षिकेस ठाऊक होते. म्हणून वहीतील नोंद पुढेही चालू ठेवण्यात आली. त्याच वर्षी नवरात्रात एका दिवशी सकाळपासूनच मुलीस आवाज सोसेना, तेव्हा ती गरब्यास गेली नाही. आणि सायंकाळी गरबा न ऐकताही तिचे डोके दुखले.

५. डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

दुखणे एकाएकी व कधी नव्हे इतके तीव्र असेल, ताप व मानेचा ताठरपणा असेल, हातपाय लुळे पडत असतील, बोलणे अडखळत असेल, शुद्ध हरपत असेल, किंवा डोक्यास मार लागला असेल, तर ती अर्धशिशी समजून थांबू नये. तत्काळ रुग्णालयात न्यावे. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच व दुखण्याच्या आरंभी द्यावी. अशा गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस घेतल्या गेल्यास गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते.

६. शाळेचे काम

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत घालून दिलेली आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये निर्णय देऊन या नियमांच्या अंमलबजावणीविषयी शासनास आदेश दिले. परंतु मिरवणुकीतील मुलास त्या क्षणी नियमापेक्षा शांत खोली अधिक उपयोगी पडते. शाळेच्या स्वतःच्या समारंभात ती खोली उपलब्ध करणे शिक्षकांच्या हाती आहे : ध्वनिवर्धकापासून दूरची एक वर्गखोली उघडी ठेवावी, तेथे पाणी ठेवावे, आणि तेथे जाण्यास परवानगी मागण्याची अट नसावी.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. घड्याळाची टिकटिक काही वेळाने का जाणवत नाही?
२. बोळा नीट बसला हे कोणत्या कसोटीने ओळखावे?
३. ताशा व ढोल यांपैकी कोणाचा आवाज बोळा अधिक अडवितो?
४. मागील सणाच्या दिवशी आपण किती वाजता झोपलो, केव्हा जेवलो व ध्वनिवर्धकापासून किती पावलांवर उभे होतो, हे आठवून वहीत लिहा.